कणकेनं लिंपलेला कुकर

निजामाच्या राज्याच्या अखेरच्या दिवसांत आम्ही हिंगोलीच्या स्टेशनामागं राहायचो. यजमान स्टेशनात कारकून. हैदराबादेहून विलायतेला परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाचा जुना प्रेशर कुकर त्यांनी विकत आणला, आणि मी गल्लीभर मिरवले. अक्कल बेताची असली की मिरवणं झकास जमतं.

थोड्याच दिवसांत त्यानं असहकार पुकारला. झाकणाच्या कडेनं वाफ फुसफुसायची, वरचं वजन हलायचं नाही, पाणी आटायचं आणि तुरीची डाळ कच्चीच. आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, दात चारच.

"सूनबाई, येत्या बाजारापर्यंत डाळ शिजली तर बरं," त्या म्हणाल्या. "न्हाई तर ह्याच्यात मी कोंबड्यांना पाणी ठेवते."

माझी अब्रू पणाला! शेजारच्या खाला बिर्याणीच्या देगचीला कणीक लावतात, ते मी पाहिलं होतं. मी झाकणाची कड कणकेनं लिंपली. तरी वाफ थांबेना, म्हणून वजनावर ठेवायला वरवंटा उचलला.

तेवढ्यात यजमानांना शोधत रेल्वेच्या शेडमधले फिटर आले. इंजिनांच्या वाफेत केस पिकलेला माणूस.

"वैनी, काय करून राहिल्या? तो वरवंटा खाली ठेवा अगोदर!"

कुकर त्यांनीच चुलीवरून उतरवला. मी झाकणाला हात घातला, तर ओरडले, "न्हाई! गार होऊ द्या." मग त्यांनी वजन उचललं. फुस्स नाही की फास नाही. "आवाज न्हाई म्हणून वाफ न्हाई असं समजू नका. वजनाखालची नळी तुंबली असंल." पार गार झाल्यावरच झाकण काढलं, नळी उजेडाकडं धरली. आरपार काही दिसेना. तारेनं ढकललं, तर डाळीची सालपटं निघाली.

कडेचा रबर त्यांनी वाकवला. त्याला भेगा पडल्या. "हा कडक झालाय, म्हणून वाफ निसटून राहिली. पण नळी बंद असताना ह्यानंच तुमाला वाचवलं. तुमी मात्र कणीक लावून तीबी वाट बुजवायला निघाल्या!"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला.

झाकणावर एक लहानसं रबरी बूच होतं. तेही नखानं दाबून पाहिलं, दगडासारखं. "वाफ फार झाली की हे उडतं, कुकर फुटत न्हाई. कडक झालं, तडकलं, की दोन्ही रबर संगट बदला. उडालं तर तिथं खिळा-लाकूड ठोकू नका. ह्याच मापाचं बूच मागवा. इंजिनालाबी पाणी आटलं की वितळणारं शिशाचं बूच असतं, त्याला आमी कधी फसवत न्हाई."

हैदराबादेहून रबर येईपर्यंत बाजार दोनदा भरून उठला. कोंबड्या मात्र तहानलेल्या राहिल्या, कारण आत्याबाईंनीच कुकर फळीवर नीट ठेवून दिला होता.

नवे रबर बसवल्यावर वजन डोलायला लागलं, आणि डाळ अशी मऊ शिजली की चार दातांनाही काम उरलं नाही.

त्यानंतर रोज चूल पेटवण्याआधी आत्याबाई झाकण खिडकीशी धरून नळीला एक डोळा लावायच्या. "दिसून राहिला अंगणातला कडुलिंब," म्हणायच्या. मग झाकण माझ्या हातात द्यायच्या, आणि कणकेची परात माझ्यापासून लांब सरकवायच्या.