टॉवेल कंपनीचा नफा

विजयमाला सोलापुरातल्या एका टॉवेल कंपनीत माल तपासायची. कारखाना बंद होणार अशी कुजबूज सुरू झाली, तेव्हा तिनं मोबाईलवर कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला. व्यवसायाच्या वर्णनात पहिल्याच ओळीत टॉवेलचं नाव वाचून तिला हायसं वाटलं. पुढं तिनं विभागवार आकडे पाहिले. विक्री बहुतेक टॉवेलची होती, पण त्या विभागाला तोटा होता. नफा सगळा घरबांधणीच्या विभागाचा होता.

"कंपनी टॉवेलवर जगत न्हाय," ती नवऱ्याला म्हणाली.

"मग कारखाना बंद करणार व्हय?" अजिनाथनं विचारलं.

"तसं कुटं लिवलेलं न्हाय. पण लई भ्या वाटतंय."

सकाळी कामावर जाताना कारखान्याभोवतीची मोकळी जमीन, घरांच्या इमारती उभ्या राहतील एवढी, तिला पहिल्यांदाच नीट दिसली. ती फाटकातच थबकली.