पोपटी भिंतीसमोरची खोली

आमच्या कोल्हापूरच्या घरात मागची एक खोली आहे. तिच्या रंगाचं कौतुक आजही होतं आणि ते नेहमी माझ्याच वाट्याला येतं. पाहुणे म्हणतात, उत्तरेची खोली असून किती प्रसन्न वाटते, तुम्हाला रंगाची पारख आहे. मी इतकी वर्षं नुसता हसत आलो. आता वय झालं, खरं काय ते सांगून टाकावं म्हणतो.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. बायको पुढच्या ओसरीत शिलाई मशीन ठेवून साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. गल्लीतल्या बायका तिच्याकडेच यायच्या, कारण साडीला हुबेहूब जुळणारा धागा निवडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यात मी स्कूटर घेतली. स्कूटर पावसात भिजू नये म्हणून ती ओसरीत आली आणि मशीन मागच्या खोलीत गेलं.

बायको एवढंच म्हणाली, "अहो, तिथं उजेड न्हाय. रंग तरी बघून द्या."

मागच्या खोलीला एकच खिडकी, तीही उत्तरेला. पलीकडे हातभर बोळ आणि त्यापलीकडे शेजारच्या काकूंच्या घराची भिंत. ऊन कधी आत येत नाही. रंगारी म्हणाला, पांढरा देऊ नका, अशा खोलीत तो राखेसारखा दिसतो. पिवळसर झाक असलेला क्रीम घ्या, पण आधी भिंतीवर हातभर पट्टा मारून सकाळी, दुपारी बघा. मला धीर नव्हता. दुकानात ट्यूबलाइटखाली रंगांचं कार्ड पाहिलं, क्रीमवर बोट ठेवलं आणि रंगाचे दोन्ही हात मारून घेतले.

खोली वाळली आणि आजारी दिसू लागली. क्रीम कुठलं, शिळ्या ताकासारखा हिरवट रंग. मी रंगाऱ्याला बोलावून चार शब्द सुनावले. त्यानं उरलेला डबा ओसरीत नेऊन उघडला. आत छान क्रीम होता. मी विषय बदलला.

पुढचं वाईट झालं. एक बाई डाळिंबी साडी परत घेऊन आल्या. फॉलचा धागा बाहेर उन्हात तपकिरी दिसत होता. आठवड्यात दुसरी साडी आली. बायकोनं दोन्ही उसवून पुन्हा शिवल्या. रात्री मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, तुझे डोळे गेलेत. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडेही नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नजर उत्तम आहे. तरी घरी येताना ती मागच्या सीटवरून हळूच म्हणाली, "आता हे काम बंदच करते. लोकांच्या चांगल्या साड्या कशाला खराब करायच्या."

त्या स्कूटरवर मी तिला आणत होतो, हे लक्षात घ्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पांढऱ्या अस्तराचा तुकडा घेऊन मागच्या खोलीत उभी होती. तुकडा खिडकीजवळ धरायची, पुन्हा ओसरीत आणून बघायची. मग मला हाक मारली. खिडकीत कापड हिरवट, ओसरीत पांढरं. तिनं बाहेर बोट दाखवलं. काकूंची भिंत पोपटी होती. दक्षिणेचं ऊन आमच्या छपरावरून त्या उंच भिंतीवर पडायचं आणि तिथून उडून आमच्या खोलीत यायचं. खोलीला उजेड होता तो तेवढाच.

"रंग आपल्या भिंतीचा न्हाय बघायचा," ती म्हणाली. "त्यांच्या भिंतीचा बघायचा."

काकूंकडे मला जावं लागलं. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं, मग शेंग फोडत म्हणाल्या, "म्हंजे खोली तुमची अन् रंग माझ्या भिंतीला? येडा झालायस व्हय रं?"

मी म्हटलं, चुना मी आणतो, मजुरी मी देतो.

"मशीन वसरीत हुतं तवा काय अडचण हुती?"

काकूंनी आमच्या ओसरीकडे पाहिलं, स्कूटरकडे पाहिलं. "बरं, मार. पर माझ्यासाठी न्हाय, तुझ्यासाठी तर न्हायच न्हाय. ती पोरगी डोळं मोडून काम करती म्हणून."

भिंत पांढरी झाली. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं तसा आमचा क्रीम क्रीम दिसू लागला. बायकोनं डाळिंबी रंगाची चार रिळं साडीवर ठेवली, एक उचललं आणि ओसरीत नेऊन पाहिलं. तेच होतं. आत येऊन मशीनवर बसली. त्यानंतर कितीतरी वर्षं फॉलच्या धाग्यापायी एकही साडी परत आली नाही.

हे लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. चष्मा आता दोघांनाही आहे. ती म्हणाली, सगळं बरोबर आहे, फक्त एक राहिलं. ओसरी अजून स्कूटरकडेच आहे.