लाल कशाचा?

रंगाऱ्याच्या नखातला रंग जात नाही. साबण लावा, राख लावा, लिंबू चोळा. एक निघाला की खालून दुसरा वर येतो. आमच्या रंगशाळेतल्या गोष्टींचं तसंच आहे. एक सांगावी, तर खालची निघते. मी फार बोलणारा माणूस नाही. पण आता सांगायला हरकत नाही.

वणीला आमची रंगशाळा. दोन चुली, तीन हंडे, मागे वाळवणीच्या दोऱ्या, पलीकडे नदी. माझा थोरला भाऊ हंड्यावर. मी धुण्यावर आणि गिऱ्हाइकावर. वहिनी रंगाचे डबे सांभाळायच्या. शेजारच्या खोलीत रहीमचाचा शिंपी.

भावाला लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसत नव्हते. जन्मापासून. लहानपणी बाबांनी मिरच्या तोडायला पाठवलं, तर पिकलेल्या आणि हिरव्या एकत्र घेऊन आला. बाबांनी मारलं. त्याला वाटलं, मिरच्या कमी आणल्या म्हणून मारलं!

पुढे हंडा त्याच्याच हाती आला. मापाला त्याचा हात पक्का, उकळीची त्याला जाण. फक्त रंग दिसत नव्हता. हे तिघांनाच माहीत. मी, वहिनी आणि रहीमचाचा. चौथ्याला कळलं असतं, तर वणीत एकाही बाईने आम्हाला लुगडं दिलं नसतं. आंधळा हलवाई चालेल. आंधळा रंगारी कोण ठेवील?

वहिनींनी तोड काढली. रंगाच्या नावात जी वस्तू असते, ती डब्याला बांधली. जांभळ्याला जांभळाची बी. डाळिंबीला डाळिंबाची साल. मोरपंखीला मोराचं पीस, पोपटीला पोपटाचं. हळदीला हळकुंड. तांबड्याला तांब्याची तार, कारण तांबडा म्हणजे तांब्याचा. गुलाबीला वाळलेल्या पाकळ्यांची पुरचुंडी. भाऊ चाचपून डबा उचलायचा.

म्हणून गिऱ्हाइकाने रंग सांगितला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "कशाचा?"

लोक म्हणायचे, मोठा चोखंदळ माणूस!

* * *

केशरीच्या डब्याला केशर बांधणार कुठून? वहिनींनी पळसाचं वाळलं फूल बांधलं.

एका देवस्थानाचे पंच झेंड्याचं कापड घेऊन आले. त्यांनी ते फूल पाहिलं. "काहो, केशरी म्हणता अन् डब्याले पळस? केशर कुठी आहे?"

भाऊ म्हणाला, "तुम्ही केशर पाह्यलं का कधी?"

"नाही."

"मी पण नाही. वणीत कोणीच नाही पाह्यलं. पळस सगळ्यानं पाह्यला. पळशी म्हणायले लाज वाटते म्हणून आपण केशरी म्हणतो!"

पंच कापड ठेवून गेले.

* * *

रहीमचाचाला थोडी फारसी येत होती. एकदा सुई ओवता ओवता म्हणाला, "गुल म्हणजे फूल. आब म्हणजे पानी. गुलाब म्हणजे पहले फूल नव्हतंच. फुलाचं पानी होतं."

भावाने हे लक्षात ठेवलं. मी विसरलो.

महिन्याने एक बाई तणतणत आली. "काय हो, गुलाबी देल्लं होतं लुगडं. दोन धुण्यात पाणी होऊन गेलं!"

भाऊ शांतपणे म्हणाला, "बाई, त्याच्या नावातच पाणी आहे. चाचाले विचारा!"

मी ते लुगडं पुन्हा रंगवून दिलं. चाचाला मात्र आठ दिवस आमच्याकडे बसू दिलं नाही.

* * *

दुसरी इयत्ता मी शिकलो. भाऊ तेवढाही नाही. म्हणून चिठ्ठ्या मी वाचायचो आणि मला त्याचा अभिमान होता.

एका मास्तरांनी तीन पांढरी कापडं पाठवली. चिठ्ठीत लिहिलं होतं, "एक जांभळा, एक जांभळी, एक जांभळे."

भावाने विचारलं, "तीन रंग होय का?"

मी विचार केला. तीन शब्द आहेत, म्हणजे तीनच असणार. "होय," म्हणालो.

मग काय! जांभळा गर्द केला, जांभळी मध्यम, जांभळे फिकट. मास्तर आले. पाहून डोक्याला हात लावला.

"अहो, जांभळा सदरा! जांभळी साडी! जांभळे पोलके! रंग एकच आहे. ते लिंग आहे, लिंग!"

भाऊ म्हणाला, "मग गुलाबीचं काहून नाही होत तसं? गुलाबी सदरा, गुलाबी साडी, गुलाबी पोलकं."

मास्तर बोटांवर मोजू लागले. "नाही होत खरं. केशरी, डाळिंबी, पोपटी, यांचंही होत नाही. काळा, पिवळा, तांबडा, जांभळा, यांचं होतं."

"म्हणजे शेवटी ई असलेला रंग सरळ चालीचा," भाऊ म्हणाला. "आ असलेला घर पाहून वागते!"

मास्तर हसले. तीन कापडं तशीच घेऊन गेले. त्या दिवसापासून मी चिठ्ठी दोनदा वाचतो.

* * *

छप्पन सालची गोष्ट. दसऱ्याच्या आधी पलीकडच्या वस्तीतल्या लक्ष्मीबाई आठ लुगडी घेऊन आल्या. हिरवी, लाल, काठाची, बिनकाठाची.

"भाऊ, सारे पांढरे करून द्या. नागपूरले जायचं आहे. साऱ्या बाया पांढऱ्यात जाऊन राह्यल्या."

का जायचं, ते सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं. दीक्षेसाठी घरंच्या घरं निघाली होती.

मी म्हणालो, "बाई, रंगाऱ्याकडे सारे रंग असतात. पांढरा नसते."

भावाने लुगडी माझ्या हातातून घेतली. चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवली, उकळली, नदीवर आपटली, उन्हात टाकली. पुन्हा भिजवली. लाल गेला की हिरवा गेला, हे त्याला कळत नव्हतं. पण पांढरं झालं की नाही, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नव्हतं. मला पांढरं वाटायचं, तो म्हणायचा, "अजून पिवळं आहे."

शेवटी त्याने निळीची पुडी काढली. लक्ष्मीबाई घाबरल्या. "आता निळे कायले करता?"

"निळे नाही होत, बाई. नीळ चिमूटभर घातली का पांढऱ्यातलं पिवळं मरते. निळीवरून निळा हे नाव पडलं, पण तिचं खरं काम पांढऱ्याचं."

लक्ष्मीबाई परत आल्यावर घरी न जाता आधी आमच्याकडे आल्या. लुगडं मातीने भरलेलं.

"पाहा भाऊ. धूळ बसली. जुना रंग काही परतून नाही आला."

भाऊ म्हणाला, "येतच नाही."

* * *

एका बदलून आलेल्या साहेबांच्या बाई कोकणातल्या. साडी घेऊन आल्या. "आमसुली करा."

"कशाचा?" भावाने विचारलं.

"आमसुलाचा."

"ते काय असते?"

"अहो, आमसूल! कोकम!"

"ते काय असते?"

बाईंनी घरून पुडीतून दोन आमसुलं पाठवली. सॅम्पल! मी नदीवरून येईपर्यंत भावाने एक खाल्लं होतं. दुसरं वहिनींनी वरणात टाकलं होतं.

मी म्हणालो, "आता रंग कशावरून काढू?"

भाऊ बोटं चाटत म्हणाला, "त्यात जांभळाची तुरट चव होती. डाळिंबाची आंबट. जांभूळ जास्त घे, डाळिंब कमी. वरून काळ्याचा थेंब."

मी तसं केलं. बाई आल्या, साडी उजेडात धरली. "अगदी हाच! तुम्ही आमसूल नीट पाहिलेलं दिसतं!"

"पाह्यलं," भाऊ म्हणाला.

* * *

मग राजूरकडच्या एका कोळशाच्या खाणीतून ऑर्डर आली. कोळशाचे डबे ओढायच्या रुळावर दाखवायचे झेंडे. वीस लाल, वीस हिरवे. स्टोअरकीपर स्वतः कापड घेऊन आला. चाळिशीचा, कमी बोलणारा.

भावाने विचारलं, "लाल कशाचा?"

"कशाचा म्हणजे? लाल म्हणजे लाल!"

"डाळिंबाचा का शेंदराचा?"

"साहेबानं नुसता लाल म्हटलं. अन् नुसता हिरवा."

तो गेल्यावर भाऊ खाली बसला. आजवर त्याला नावाने तारलं होतं. या दोन नावांत काहीच नव्हतं. झाड नाही, फळ नाही, पाखरू नाही. रहीमचाचा म्हणाला, "लाल नावाचा एक नगीना असते. राजा लोकांजवळ."

"तो काय डब्याले बांधू?" वहिनी कडाडल्या.

त्यांनीच तोड काढली. लाल डब्याला वाळलेली लाल मिरची बांधली, हिरव्याला ओली हिरवी. डबे चुलीजवळच्या फळीवर ठेवले. काम चार दिवसांनी निघालं. पाहतो तर हिरवी मिरची वाळून लाल झाली होती!

भावाने दोन्ही डबे चाचपले. दोन्ही सारखे. त्याने ते माझ्या हातात दिले. मी रंग काढला. मीच बुडवले. प्रत्येक झेंडा तीन वेळा पाहिला. खाली खाणीत माणसं होती. चूक चालणार नव्हती.

भावासाठी चाचाने शिवताना खूण केली. लालचे कोपरे गोल, हिरव्याचे चौकोनी.

स्टोअरकीपर आला तेव्हा मी नदीवरून परतत होतो. चाळीस झेंडे एकाच ढिगात पडले होते. मी दोऱ्यांपाशी पोचलो, तोवर तो भावाला म्हणत होता, "मालक, तुम्हीच वेगळे करून द्या. तुमच्या हातानं."

मी जागीच थांबलो. बोललो असतो तर चव्हाट्यावर आलं असतं. न बोलावं, तर भाऊ एकटा.

भावाने ढिगात हात घातला. कोपरा बोटात धरला, डावीकडे टाकला. दुसरा उजवीकडे. एकही चुकला नाही. मी एकेक मोजत होतो.

पण स्टोअरकीपर झेंड्यांकडे पाहत नव्हता. तो भावाच्या बोटांकडे पाहत होता.

सगळे झाल्यावर त्याने डावीकडचा एक उचलला. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग उजवीकडचा उचलला. पुन्हा अंगठा फिरवला. आणि असा श्वास सोडला की मला दोऱ्यांपर्यंत ऐकू आला.

"गोल तो कोणता, मालक?"

"लाल," भाऊ म्हणाला.

"दोनी गठ्ठ्यांवर नाव लिहून द्या. अक्षर वाचता येते मले."

मी जाऊन लिहून दिलं. दोनदा वाचून पाहिलं. भाऊ त्याच्याकडे एकटक पाहत होता. मग हळूच विचारलं, "जांभूळ खाल्लं का हो कधी?"

"खाल्लं ना."

"कोणत्या रंगाचं असते?"

स्टोअरकीपरने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "जांभळाच्या!"

भाऊ इतका हसला की वहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर आल्या.