सुरमईच्या कुशीवरची रेघ

सुरमई ओळखायला लोक आजकाल फोन काढतात. माशाच्या तोंडासमोर फोन धरायचा, फोटो काढायचा आणि त्यात काय लिहून येतं ते वाचायचं. मी शाळेत दुसरीच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे फोन काय सांगतो ते मला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागतं. पण त्याची गरज मला आजवर पडलेली नाही. अठरा वर्षांचा असताना बोटीवर गेलो, गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत बोटीवर राहिलो. मासा पाण्यातून वर येताना त्याची पाठ दिसली की नाव तोंडात यायचं. ज्याला मासा ताटात आल्यावरच कळतो, त्याने माझ्याशी वाद घालू नये.

डोंबिवली पश्चिमेला खाडीकडे आमचं गाव. आता त्याला गाव म्हणायचं म्हणजे लाजच आहे, सगळीकडे बिल्डिंगी. बाजारात आमच्या म्हातारीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, ओटा होता. तिची कंबर गेली आणि ओट्यावर सून बसायला लागली. सून आळेफाट्याकडची. पोराने पसंत केली, आम्हाला विचारलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुका बोंबील आणि ओला बोंबील हे दोन वेगळे मासे वाटायचे. हे मी चारचौघांत सांगतो म्हणून ती माझ्यावर खार खाऊन असते. असू दे. तिचा हात मात्र चांगला, गिऱ्हाईक बांधून ठेवायची.

तर त्या वर्षी प्रश्न ओट्याचा होता. म्हातारीने बाजाराला सांगून टाकलं होतं, आता मी येणार नाही. ओटा सुनेच्या नावाने लागायचा की शेजारच्या कोळणीच्या भाचीला जायचा, हे बाजारातल्या जुन्या बाया ठरवणार होत्या. ओटा गेला तर सून रस्त्यावर टोपली घेऊन बसणार. आणि रस्त्यावर बसणारीला तिथून उठवायला कुणीही येतो.

आमच्या बाजारात एक रिवाज आहे. मोठा मासा गिऱ्हाईकाला डोक्यासकट, शेपटीसकट, परांसकट दाखवायचा. मासा जुन्या बायांनी बघायचा म्हटलं तर बघता आला पाहिजे. गिऱ्हाईक 'काप' म्हणेपर्यंत कोयता लावायचा नाही. एका माशाच्या नावावर दुसरा विकला असं निघालं, तर ती बाई महिनाभर ओट्यावर बसायची नाही. आणि मासा कुठला यावर वाद झाला, तर नाव मी सांगायचं. हा मान मला कुणी दिलेला नाही. आमच्या बाजारात दुसरं कुणी उरलंच नाही, एवढंच.

ठाकुर्लीचा एक जमीनदार आला. जमीनदार म्हणजे काय, बापाची शेती बिल्डरला देऊन टाकली आणि गळ्यात चेन घालून फिरतो. मुलीच्या सासरची मंडळी जेवायला येणार होती. त्याला मोठी सुरमई हवी होती, 'दिसायला भारी' अशी. सुनेने सकाळी बर्फाच्या गाडीवरून एक घेतली होती. लांबच लांब, अंगावर पट्टे. मी तेव्हा घरी होतो. मला कुणी विचारलं नाही.

जमीनदाराने काय सांगावं? "वहिनी, डोकं काढून टाका. पाहुण्यांना ते डोळे बघवत नाहीत. आणि ते पाठीचे काटे-बिटे साफ करा, ताटात नीट दिसलं पाहिजे."

माशाचं डोकं बघवत नाही म्हणे! आणि हा आगऱ्याच्या घरात जन्मला.

सुनेने कापणाऱ्याला सांगितलं, त्याने डोकं उडवलं, कात्रीने पर मुळापासून छाटले, शेपूट तोडली. दुधी भोपळ्यासारखा मासा पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी जमीनदार बाजारात हजर. सोबत बर्फात ठेवलेला अर्धा मासा, पुढचा भाग. शेपटीकडचे तुकडे पाहुण्यांनी खाल्ले होते. त्याच्या म्हाताऱ्या आईने पहिला घास घेतला आणि पाहुण्यांसमोरच म्हणाली, "ही कसली सुरमई? कापूस खाल्ल्यासारखं वाटतंय." व्याही हसले म्हणे. त्यामुळे हा पेटला होता. मुलीच्या सासरी नाक कापलं गेलं, असं सगळ्या बाजाराला ऐकवत होता.

"फसवलंत मला! फोटो गावच्या ग्रुपवर टाकतो."

"कसला फोटो टाकतोस?" सून पदर खोचून उभी राहिली. "डोकं तूच काढायला लावलंस ना? पट्टे दिसत नाहीत तुला? पट्टे आहेत, सुरमई आहे."

जमीनदाराने फोन पुढे केला. त्यात त्या तुकड्याचा फोटो टाकून बघितला होता. शेजारच्या पोरीने वाचून दाखवलं. पहिल्यांदा एक नाव आलं, दुसऱ्या फोटोला दुसरं, तिसऱ्यांदा कुठल्यातरी परदेशी माशाचं. हे नंतर ऐकून मला हसू फुटलं. यंत्राला तोंड लागतं, शेपूट लागते, पर लागतात. ते सगळं छाटून यंत्राला दिलं, आता बोल म्हणावं.

बाजारातली सगळ्यात जुनी कोळीण, जिचा शब्द चालतो, तिने मला बोलावणं पाठवलं. मी गेलो. म्हातारा म्हणून बसायला स्टूल दिलं, ते मी बाजूला केलं.

"दादूस, बघ," ती म्हणाली. "तुझ्याच सुनेचा आहे. म्हणून सांगते, नीट बघ." आणि तिने डोळा मिचकावला. बाकीच्या बायाही बघत होत्या. ओटा कुणाला मिळायचा ते त्याच आठवड्यात ठरायचं होतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. माझी सून माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं, घरचा माणूस आला, झालं काम.

मी तुकडा पाण्याने धुतला. बर्फाने रंग गेला होता, पट्टे फिके पडले होते, तरी उजेडात कलता धरला की दिसत होते. सुरमईचे पट्टे बारीक, नागमोडी, पोटाकडे जाता जाता तुटतात, ठिपके होतात. इथे पट्टे रुंद होते आणि कुशीवरची रेघ ओलांडून पार पोटापर्यंत उतरलेले. दोन-तीन तर खाली जाऊन फाटले होते, लाकडाच्या बेचक्यासारखे. पण पट्ट्यांवर नाव सांगणारा माणूस म्हणजे कपड्यांवरून जावई निवडणारा. मी पट्ट्यांवर थांबलो नाही.

पाठीवर बोट फिरवलं. कात्रीने पर कापले तरी काट्यांची मुळं कातड्यात राहतात. ती एकेक मोजली. सुरमईच्या पाठीच्या पहिल्या पराला पंधरा-सोळा काटे, फार तर अठरा. वीस ओलांडली तेव्हा मी मोजणं थांबवलं. आणि काट्यांच्या मुळांची जाडी सारखीच होती, म्हणजे परही सगळा लांब, एका उंचीचा असणार.

मग कूस बघितली. माशाच्या कुशीवर कल्ल्यापासून शेपटीकडे एक रेघ जाते. सुरमईची रेघ पाठीजवळून सरळ जाते आणि पाठीच्या दुसऱ्या पराच्या शेवटाला, म्हणजे पार मागे, एकदम खाली उतरते. या तुकड्यात तो मागचा भाग नव्हताच, तो पाहुण्यांच्या पोटात गेला होता. तरीही रेघ माझ्यासमोर उतरत होती. पुढेच, पहिल्या पराच्या मध्याखाली.

"ही सुरमई नाही," मी म्हटलं.

सून म्हणाली, "मामंजी!"

"ही सुरमई नाही. आमच्या बोटीवर याला चोचवाला म्हणायचो. डोकं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं, तोंड पक्ष्याच्या चोचीसारखं लांब. इंग्रजीत वाहू म्हणतात असं ऐकलंय. खायचा मासा आहे, विषारी नाही. पण सुरमई नाही."

"पट्टे आहेत की!" शेजारची कोळीण म्हणाली. भाचीसाठी ओटा हवा असलेली हीच. बाई मला मदत करत होती असं समजू नका. तिला खोटं बोलणारा म्हातारा हवा होता, म्हणजे सुनेसाठी खोटं बोलला असं पुढे कधीतरी दाखवता आलं असतं.

"पट्टे वाघालाही असतात," मी म्हटलं. "जा, त्याला सुरमई म्हणून विक."

जमीनदार म्हणाला, "बघा, मी म्हटलंच होतं!"

"तू काय म्हटलंस? तुझी आई म्हणाली. तू डोकं काढून मागितलंस. डोकं घेतलं असतंस तर वाद झालाच नसता. माशाचं डोकं बघवत नाही तर पोहे खा पोहे." त्याने ग्रुपवर फोटो टाकला की नाही मला ठाऊक नाही. टाकला असेल तर तिथेही तीन नावं आली असतील.

जुन्या कोळणीने निकाल दिला. सुनेने मुद्दाम फसवलं नाही, बर्फाच्या गाडीवाल्याने मासा सुरमई म्हणून दिला आणि तिने पट्टे बघून घेतला. पण रिवाज तो रिवाज, महिनाभर ओट्यावर बसायचं नाही. ओट्याचं महिन्यानंतर बघू.

घरी सून तीन दिवस माझं ताट आपटून वाढत होती. चौथ्या दिवशी भाकरी टाकता टाकता म्हणाली, "महिनाभर ओटा रिकामा राहिला की शेजारणीची भाची बसणार. एवढं तुम्हाला दिसलं नाही? रेघ दिसली!"

"दिसलं," मी म्हटलं. "तुझं तोंड बंद असेल तर सांगतो."

रिवाजाने तिला उठवलं होतं. मला कुणी उठवलं नव्हतं. पाचव्या दिवसापासून मी सकाळी जाऊन त्या ओट्यावर बसायला लागलो. मासे नाहीत, कोयता नाही, काही नाही. नुसता बसलेला म्हातारा. बाया हसल्या. एक म्हणाली, "दादूस, पापलेट कसे दिले?" दुसरी म्हणाली, "ह्याला पंधरा मिनिटं उकडा, मऊ पडेल." भाची टोपली घेऊन दोनदा आली, उभी राहिली, गेली. मी जागचा हललो नाही. गुडघे सुजले. म्हातारी म्हणाली, "मेला हट्ट." तिला काय कळतंय.

लोक मासे दाखवायला येत. एका बाबाने टोकी नावाचा दुसराच लांबुडका मासा आणला होता आणि त्याला 'सुरमईचं पिल्लू' म्हणत होता. मी विचारलं, "पाठीवर दोन पर एकमेकांपासून एवढे लांब कुठल्या सुरमईला असतात? आणि शेपटीजवळची ती बारक्या परांची रांग कुठाय?" त्याने फोन काढला. मी म्हटलं, "पुढे चल."

महिना संपला. ओटा एक दिवसही रिकामा पडला नव्हता, म्हणून जुन्या कोळणीने तो सुनेच्याच नावाने लावला. सून सकाळी बर्फाच्या गाडीवरून मासे घेऊन आली. टोपलीत एक मोठा मासा होता, डोक्यासकट, परांसकट. ती तो ओट्यावर आडवा ठेवून त्याच्या कुशीवर बोट ठेवत मागे मागे गेली. दुसऱ्या पराच्या शेवटाशी बोट थांबलं आणि खाली वळलं.

"इथे उतरली," ती म्हणाली. "सुरमई."

"दिसतंय मला," मी म्हटलं.

"दिसतंय तर उठा. माझी जागा आहे."

मी उठलो. तिने ओट्यावर पाणी मारलं, जिथे मी महिनाभर बसलो होतो तिथेच आधी.