आजीच्या दगडावरचे सहा शब्द

आत्या शिवणकाम करते. जगातली निम्मी भांडणं माप न घेता कापड कापल्यामुळे होतात, असं तिचं ठाम मत. आजीच्या थडग्याच्या दगडावरून माझ्या बाबांचा आणि काकांचा अबोला झाला, तेव्हाही ती हेच म्हणाली. दगड तयार होता, नाव कोरलेलं होतं. खाली आजी सकाळ-संध्याकाळ म्हणायची ती हिब्रू प्रार्थना आणि तिचा अर्थ यायचा होता. आजी जाऊन वर्ष भरत आलं, तरी जागा रिकामीच.

शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद. शेमा म्हणजे ऐक, आणि ऐकून मनावर घे. इस्राएल म्हणजे ज्यांना हाक मारली ते, आम्ही ज्यू. पुढे देवाचं चार अक्षरांचं नाव लिहिलेलं असतं; ते कोणी उच्चारत नाही, त्याजागी 'अदोनाय', प्रभू, असं म्हणतात. एलोहेनू, आमचा देव. एखाद, एक. या सहा शब्दांत 'आहे' कुठेच नाही. हिब्रूला त्याची गरज पडत नाही. मराठीत ते 'आहे' कुठे धरायचं, यावरच भाषांतरकारांच्या वाटा फुटतात. कोणी लिहितं, प्रभू आमचा देव हा एकच प्रभू आहे. बाबांचं म्हणणं, प्रभू आमचा देव आहे, प्रभू एक आहे. तो अखंड आहे, त्याचे वाटे होत नाहीत. काका म्हणत, प्रभू आमचा देव आहे, फक्त प्रभूच. दुसऱ्या कुणाला मानायचं नाही, ही निष्ठेची शपथ आहे. दोघांचंही बरोबर, म्हणूनच मिटेना.

मला दोघांचा भयंकर राग येत होता. देव एक, हे सांगताना घराचे दोन तुकडे!

शेवटी आत्याने दोघांना संध्याकाळच्या प्रार्थनेला शिवणखोलीत बोलावलं. उजवा हात डोळ्यांवर ठेवून सगळ्यांनी सुरुवात केली. शेवटचा 'एखाद' आजी लांबवून म्हणायची, देव सगळीकडे एकच हे मनात धरण्यापुरता. लहानपणी भाऊ-भाऊ त्यावर पैज लावायचे आणि काका नेहमी आधी दमायचे. आज बाबांचाच श्वास तुटला, खोकला लागला. काकांनी डोळ्यांवरचा हात न काढता दुसऱ्या हाताने बाबांची पाठ धरली आणि तो शब्द एकट्याने लांबवत राहिले, बाबांचा आवाज परत येऊन मिळेपर्यंत. मला रडू आलं.

आत्या एवढंच म्हणाली, "पहिल्या शब्दावर तरी तुमचं एकमत आहे ना? मग आधी तो करा."

त्या संध्याकाळी बाबांनी काकांचं आणि काकांनी बाबांचं म्हणणं पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. मत कोणाचंच बदललं नाही. पण दगडावर काय कोरायचं ते ठरलं. हिब्रू उजवीकडून वाचतात, मराठी डावीकडून. एका ओळीत जुळेना. आत्याने बटणांसारखे शब्द एकाखाली एक लावले, प्रत्येकाशेजारी त्याचा मराठी अर्थ.

पाथरवट म्हणाला, "बाई, यात 'आहे' राहिलं की."

"राहू द्या," आत्या म्हणाली. "माझे भाऊ येतील, तेव्हा दोघं आपापलं म्हणतील."

वर्ष भरलं त्या दिवशी दोघं एकाच छत्रीतून आले.