पाटल्या आणि माझं पाठांतर

बँकिंगच्या परीक्षेत मी नुकताच पास झालो होतो, आणि त्यामुळे भांडुपच्या आमच्या शाखेत कुणाचीच माझ्यापासून सुटका नव्हती. अशात एक बाई सोन्यावरचं कर्ज फेडून पाटल्या न्यायला आल्या. नवरा गिरणीतला, संपापासून घरी बसलेला. चार दिवसांवर मुलीचं लग्न होतं.

पैसे भरून झाले. तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "नवऱ्याच्या घरकर्जाचे चार हप्ते थकलेत. पाटल्या सोडू नकोस. लिएन लाव."

बाई काउंटरला धरून उभ्याच राहिल्या. मला मात्र चेव आला. म्हटलं, "हे बघा मावशी, तुमचं घर मॉर्गेज. कागद आमच्या कपाटात, कर्ज फिटेपर्यंत घरातला हक्क आमच्याकडे गहाण, राहायचं मात्र तुम्हीच. सोसायटीचे पैसे थकले तर तिचा चार्ज. ती ना घर ताब्यात घेते ना कागद, पण तिच्या बाकीचा बोजा घरावर बसतो. पाटल्यांचं होतं ते प्लेज. वस्तू आमच्या हातात, पैसे बुडवले तर नोटीस देऊन विकता येते. ते तुम्ही फेडलंत. आता उरला लिएन. हातात आलेली वस्तू दुसरी बाकी फिटेपर्यंत अडवून धरायची."

त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घराचा कर्ज घोवाच्या नावार. पाटल्यो माझ्या नावार. मगे त्याच्या बाकीसाठी माझ्यो पाटल्यो कशाक धरून ठेवतास?"

ज्याची बाकी, त्याचीच वस्तू अडवता येते, हे मी पेपरात लिहून मार्क मिळवले होते. आणि आता माझ्याच तोंडून नेमकं उलटं निघालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी फाईल काढली. घरकर्जावर बाईंची सही कुठेच नव्हती, जामीन म्हणूनसुद्धा नाही. समासात मॅनेजरांच्याच अक्षरात शेरा होता: 'पत्नी गृहिणी, उत्पन्न नाही, सही अनावश्यक.' मी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "देऊन टाक."

बाईंनी पाटल्या तिथेच हातात चढवल्या. मला इतकं हायसं वाटलं, की जणू मीच त्या मिळवून दिल्या होत्या. म्हटलं, "बघा मावशी, नाव नव्हतं तेच बरं झालं."

"घर घेताना माझी माळ मोडली," त्या म्हणाल्या. "तेव्हा ह्यांका सांगितलंय, माझा पण नाव घाला. तुमचे सायब म्हणाले, गरज नाय. आता सांगा, त्या घरार माझा काय आसा?"

नवऱ्याची मालकी होती, आमचं गहाण होतं, उद्या थकलं तर सोसायटीचा बोजाही होता.

मी रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं आणि म्हटलं, "पाटल्या मिळाल्याची इथे सही करा."