कबरीवरचं ‘केले’

माझ्या भावाला हिब्रू व्याकरण येत नाही असं मी कधीच म्हटलं नाही. येतं. पण अर्धं येतं, आणि अर्धं येणाऱ्या माणसाने दगडाच्या वाटेला जाऊ नये. कागदावरचं खोडता येतं.

आम्ही मूळचे नागपूरचे. बाबा भोपाळच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि टाउनशिपच्या क्वार्टरमध्येच त्यांचा सगळा संसार झाला. तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं मूठभर. बायबलची गोष्ट घरी मराठीत, शेजाऱ्याशी बोलणं हिंदीत, उपासना कधी या भाषेत कधी त्या. निवृत्त झाल्यावर बाबांनी तिथेच अवधपुरीत छोटं घर बांधलं. दादा नागपूरच्या एका चर्चचा पाळक झाला आणि मी भोपाळातच पाळक घडवणाऱ्या एका शाळेत हिब्रू शिकवू लागले. दादाला हिब्रूची एक परीक्षा पास करावी लागली होती. मी ती भाषा रोज शिकवत होते. हा फरक त्याने कधी मानला नाही, कारण तो थोरला आणि मी बाई.

आई गेली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाबा माझ्यासमोर येऊन बसले. आमच्या बाबांना समोर येऊन बसायची सवय नव्हती. ते म्हणाले, “तुला ती भाषा येते ना. तिच्या दगडावर त्यातला एक शब्द घालायचाय. माझ्याकडून तिला.”

“कुठला?”

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “आपल्याकडे नवरा-बायको असलं काही बोलत नाहीत. मीही बोललो नाही कधी. चहा चांगला झालाय, एवढंच म्हणायचो. तू समज.”

मी समजले. कागदावर पाच अक्षरं लिहून दिली: אהבתי. आहव्ती.

त्यांनी चष्मा चढवला आणि नकाशा तपासावा तसा तो शब्द तपासला. यात ‘मी’ कुठे आहे? मी शेवटचा ‘ती’ दाखवला. हा शब्द पुरुषाने म्हटला तरी असाच आणि बाईने म्हटला तरी असाच, हेही सांगितलं. ते त्यांना फार आवडलं. “म्हणजे तीसुद्धा मला हेच म्हणू शकते,” ते म्हणाले. मग त्यांनी कपाटातून जुनी पेनं काढली आणि ट्रेसिंग पेपरवर ती पाच अक्षरं स्वतः उतरवली, उजवीकडून डावीकडे, एकेका रेघेची जाडी सांभाळत. खाली मराठीत काय लिहायचं तेही आम्ही दोघांनी ठरवलं: माझे तुझ्यावर प्रेम आहे. साधं, सरळ.

माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून इंद्रपुरीच्या बाजूला दगड घडवणाऱ्या कारागिराकडे दादा गेला. “मी बघतो,” म्हणाला. त्याने बघितलं.

दगड बसवला त्या दिवशी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. वरची पाच अक्षरं बाबांच्या हातची, जशीच्या तशी. खाली कोरलं होतं: मी तुझ्यावर प्रेम केले.

बाबांनी ते मोठ्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग मुलाकडे बघून अगदी हळू विचारलं, “केले? म्हणजे उरकलं?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दादा मात्र शांत. प्रवचनाच्या वेळचा त्याचा आवाज असतो ना, त्याच आवाजात म्हणाला, “बाबा, ताईने चुकीचं सांगितलं तुम्हाला. हे पूर्ण रूप आहे. पूर्ण म्हणजे झालेली क्रिया. ‘काताव’, त्याने लिहिलं. ‘आहव्ती’, मी प्रेम केलं. ‘करतो’ म्हणायचं असतं तर ‘ओहेव’ आलं असतं. शास्त्रातल्या भाषेत आपण मनाचं घालू शकत नाही.”

मी त्याच्याहून लहान असूनही तो मला ताई म्हणतो. मला गप्प करायचं असलं की त्या ‘ताई’ला जास्तच साखर लागते.

“लिहिणं ही क्रिया आहे,” मी म्हणाले. “माणूस लिहितो आणि थांबतो. प्रेम ही क्रिया नाही, अवस्था आहे. हिब्रूत अशी क्रियापदंच वेगळी आहेत. म्हातारं असणं, जड असणं, भरलेलं असणं, माहीत असणं, प्रेम असणं. ‘झाकान्ती’ म्हणणारा माणूस मी पूर्वी म्हातारा होतो असं सांगतोय का? आत्ता म्हातारा आहे तो! ‘यादाती’ म्हणजे मला माहीत आहे. मला माहीत होतं आणि आता विसरलो, असं नव्हे.”

“रूप तर पूर्णच आहे ना?”

“आहे. पण ते रूप काळ दाखवतच नाही. माणूस त्या अवस्थेत पुरता शिरला, एवढंच ते सांगतं. शिरला आणि आत आहे. बाहेर आलाय की नाही ते आजूबाजूच्या वाक्यांवरून ठरतं. आणि ‘ओहेव’ही चालतं, पण ते चालतं म्हणून हे बाद होत नाही.”

दादाने मान हलवली, म्हणजे पोरीचं ऐकून घेतो आहोत अशी. माझा तोल गेला. “तुला भूक लागली की तू काय म्हणतोस? भूक लागली. ‘लागली’ हा कुठला काळ? मग वहिनी म्हणते का की बरं झालं, कधीतरी लागली होती तर, आता वाढायला नको? संध्याकाळी घरी येऊन ‘दमलो’ म्हणतोस तेव्हा कालचं सांगतोस का? तुझ्याच तोंडात ही रूपं दिवसभर असतात दादा! फक्त ‘करणे’ला ते जमत नाही. ‘केले’ म्हटलं की मराठीत दार बंद होतं. तू रूप उचलून आणलंस आणि अर्थ कारागिराकडे टाकून आलास.”

बाजूला कोणीतरी फुलं ठेवत होतं. त्या बाईने वळून बघितलं. बघू दे.

आता दादा चिडला. चिडला की तो हुशार होतो, हे मला कबूल करावं लागतं. म्हणाला, “बरं. काळ संदर्भावरून ठरतो ना? तूच म्हणालीस. मग बघ संदर्भ. कुठे उभी आहेस तू? आई गेली. हा संदर्भ. जी गेली तिच्यावरचं प्रेम भूतकाळातच येणार.”

तेच रूप भूतकाळासाठीही येतं, हे खरं होतं. एखाद्या बापाचं एका मुलावर प्रेम होतं, असं जुन्या गोष्टीत सांगायचं तर हेच रूप येतं. तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणून मला आणखी राग आला.

मग मी बाबांकडे बघितलं. ते त्या ‘केले’वर बोट ठेवून उभे होते.

“कर्ता कोण आहे?” मी ओरडले. “या क्रियापदाचा कर्ता कोण? आई? आई नाही! ‘मी’ कोण आहे इथे? हा माणूस. हा समोर उभा आहे, श्वास घेतोय, आज सकाळी त्याने दोन कप चहा ओतला आणि एक तसाच ठेवला. अवस्था कर्त्याची असते. कर्ता जिवंत आहे. कुठल्या अधिकाराने त्याला भूतकाळात घातलंस तू?”

दादा म्हणाला, “एका शब्दासाठी इतका तमाशा.”

एका शब्दासाठी. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एकच शब्द बोलायचा ठरवला होता, आणि तो याने बदलला.

बाबांनी भांडण मिटवलं ते त्यांच्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी ते स्वतः कारागिराला घेऊन आले आणि मराठी ओळ काढायला सांगितली. कारागीर म्हणाला, “बाबूजी, घिस दूँगा, पर निशान रह जाएगा।” बाबा म्हणाले, “रहने दो।” तिथे आता नवी ओळ घालू, असं मी म्हणाले, तर नको म्हणाले. वरचं तेवढं राहू दे. बरोबर आहे ना ते? मी म्हटलं, बरोबर आहे. मग झालं, म्हणाले.

पुढची कित्येक वर्षं दादा आणि मी बोललो ते फक्त बाबांच्या औषधांबद्दल. मी वर्गात अवस्थावाचक क्रियापदं शिकवायला लागले की माझा आवाज चढायचा. पोरं आपसात हसायची. त्यांना वाटायचं, बाईंना हा धडा फार आवडतो.

मग बाबाही गेले. त्याच कबरीशेजारी त्यांना ठेवलं. प्रार्थना दादानेच म्हटली. मेलेले उठतील, तो म्हणाला, मरणाची सत्ता संपली आहे, हे झोपी गेले आहेत एवढंच. चांगला म्हणतो तो. लोक रडले. मीही रडले.

सगळे निघाल्यावर आम्ही दोघंच राहिलो. दादाने दगडाकडे बघितलं आणि म्हणाला, “आता तरी? आता तर कर्ताही नाही. आता ‘केले’च ना?”

अशा वेळी, अशा ठिकाणी त्याला हेच सुचावं.

“आत्ता मातीपुढे उभं राहून काय म्हणालास?” मी विचारलं. “झोपलेत म्हणालास. उठतील म्हणालास. दर रविवारी सांगतोस, पगार घेतोस त्याचा. ते खरं असेल तर कर्ता आहे, दादा. आणि कर्ता नसेल तर तू मघाशी सगळ्यांना खोटं सांगितलंस. काय ते ठरव. तुझ्या व्याकरणात बसेल ते सांग मला.”

मला वाटलं आता तो ‘ताई’ म्हणेल, तोच आवाज काढेल. त्याने तो काढला नाही. हातातलं पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं. त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

“तू इथे होतीस,” तो म्हणाला. “शेवटपर्यंत दोघांजवळ होतीस. मी पोहोचलो तेव्हा आईचा हात गार होता. आज बाबांचाही. ‘आहे’ म्हटलं की मला वाटतं आई अजून वाट बघते आहे माझी. ‘केले’ म्हटलं की संपतं. मला ते संपायला हवं होतं गं.”

यावर मला व्याकरणातलं काही येत नव्हतं. माझा राग तसाच होता, आणि मी त्याचा हात धरला तोही रागातच.